ऑफसेट ब्रॅकेट नेहमी एकाच जागी तडकतोय, हिशोबात तर पास होता

शिरोलीकर (सोमवार, रात्री ९:४०)

मंडळी, आमचं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे, शिरोली एमआयडीसीत. माल वर घ्यायला एक पुली लावली आहे. शेडच्या कॉलमवर १६ मिमीची प्लेट, तिला ३० मिमीचा गोल बार काटकोनात वेल्ड केलेला, कॉलमपासून २०० मिमी बाहेर आलेला. बारच्या टोकाला आडवा हात, १५० मिमीचा. कॉलमकडे तोंड करून उभं राहिलं तर हात उजवीकडे जातो. पुली त्या हाताच्या टोकाला. वायर रोप खाली मालाकडे उतरतो आणि पुलीवरून वळून आडवा, सरळ कॉलमपासून लांब जातो. समोर विंच आहे.

एका वेळेस जास्तीत जास्त २०० किलो माल. दिवसाला दीडशेच्या आसपास उचल. चौदा महिन्यांनी बार प्लेटपाशी तडकला. नवीन बार वेल्ड केला, आता परत तिथेच केसासारखी रेघ दिसतेय.

मी हिशोब केला होता. २००० न्यूटन गुणिले २०० मिमी, म्हणजे बेंडिंग ४ लाख. पीळ २००० गुणिले १५०, म्हणजे ३ लाख. रोपची आडवी ओढ २००० न्यूटन, ती बारच्या क्षेत्रफळावर भागली तर फक्त २.८ मेगापास्कल. सगळं एकत्र करून १८२ आला. मटेरियल साधं माइल्ड स्टील, यील्ड २५०. मग का तडकतोय? वेल्डर म्हणतो बार खराब, बारवाला म्हणतो वेल्ड खराब.

नुकताच_बीई (सोमवार, रात्री १०:०५)

सोपं आहे. समतुल्य बेंडिंग मोमेंटचं सूत्र वापरा: M अधिक, M वर्ग आणि T वर्गाच्या बेरजेचं वर्गमूळ, सगळ्याचं निम्मं. ४ लाख आणि ३ लाख घातले की ४.५ लाख येतात. ३० मिमी बारचा सेक्शन मॉड्युलस २६५०, म्हणजे स्ट्रेस १७०. २५० च्या खाली आहे, डिझाइन पास. माझ्या मते वेल्डिंगचाच दोष.

वेल्डर_मामा (सोमवार, रात्री १०:३१)

झालं, आली गाडी वेल्डरवर. अहो बीई साहेब, गोल बारला चारी बाजूनं वेल्ड मारताना कुठंतरी सुरुवात आणि शेवट येणारच. हात उजवीकडे असेल तर माणूस उजव्या बाजूनं बसतो, तिथूनच सुरू करतो. तिथं अंडरकट राहिला की रेघ उठते, हे मी पण मान्य करतो. पण सलग दोनदा एकाच जागी म्हटल्यावर नुसतं वेल्डवर खापर फोडू नका. शिरोलीकर, रेघ नेमकी कुठं आहे ते सांगा. वर? खाली? बाजूला?

पमाताई (सोमवार, रात्री १०:५०)

आमच्याकडे टीव्हीचा असाच बाहेर ओढता येणारा ब्रॅकेट आहे. टीव्ही बाजूला वळवला की हात भिंतीपाशी थोडा पिळल्यासारखा दिसतो. कारागिराने चार खिळे ठोकले आहेत, रोज रात्री तो टीव्ही पडेल या भीतीने झोपते मी. मीही असा हिशोब करू का?

वाकडी_तुळई (मंगळवार, सकाळी ७:१५)

शिरोलीकर, तुमचे तीनही आकडे बरोबर आहेत, पण चौथा राहिला. रोपची आडवी ओढ बारच्या मध्यावर कुठे आहे? ती हाताच्या टोकाला आहे, बारच्या अक्षापासून १५० मिमी बाजूला. ती बारला लांबवते तशीच आडवी वाकवतेही. तुम्ही त्या ओढीला क्षेत्रफळाने भागून २.८ काढलात आणि तिथेच सोडून दिलंत. २.८ ने कुणाचं काही बिघडत नाही, बिघडवतो तो तिचा मोमेंट, २००० गुणिले १५०, म्हणजे ३ लाख. तुम्ही पिळात धरलेले ३ लाख वेगळे, ते खाली ओढणाऱ्या रोपमुळे आले. हे ३ लाख पुढे ओढणाऱ्या रोपमुळे. आकडा योगायोगाने सारखा आहे, म्हणून 'हे तर घेतलंच' असं वाटतं.

मी नेहमी असं करतो. बार प्लेटपाशी कापला असं समजायचं आणि एकेक बल उचलून त्या कापावर आणून ठेवायचं. खालची ओढ कापावर नेली की तीन गोष्टी मिळतात: उभा वाक, पीळ आणि कातर. पुढची ओढ नेली की दोन: सरळ ओढ आणि आडवा वाक.

```
Mz = 2000 x 200 = 400000 N.mm   (vertical pull, L = 200)
My = 2000 x 150 = 300000 N.mm   (horizontal pull, e = 150)
T  = 2000 x 150 = 300000 N.mm   (vertical pull, e = 150)
M  = sqrt(400000^2 + 300000^2) = 500000 N.mm
```

गोल बार असल्यामुळे दोन वाकांचा एकच वाक करता येतो, कारण गोलाला सगळ्या दिशा सारख्या. पाच लाख, चार नाही.

```
bending = 500000 / 2651 = 188.6 MPa
axial   = 2000 / 706.9  =   2.8 MPa
sigma   = 188.6 + 2.8   = 191.4 MPa
tau     = 300000 / 5301 =  56.6 MPa
vonMises= sqrt(191.4^2 + 3 x 56.6^2) = 215 MPa
```

१८२ होता तो २१५ झाला. यील्डपर्यंतची जागा अगदी थोडी राहिली, आणि हे नुसत्या स्थिर वजनाला. उचल सुरू करताना विंच झटका देतो, तो धरलेलाच नाही.

शिरोलीकर (मंगळवार, सकाळी ९:०२)

बापरे. ओढीचा मोमेंट सुचलाच नाही. बार लांब होतो एवढंच डोक्यात होतं. मामा, रेघ बरोबर वर नाहीये. वरच्या टोकापासून थोडी उजवीकडे, हाताच्या बाजूला. मी बारवर खडूने घड्याळासारख्या खुणा केल्या, तर सव्वा वाजता काटा असतो तिथे.

वाकडी_तुळई (मंगळवार, सकाळी ९:४०)

सव्वा! वाचून बरं वाटलं, तुमच्या बारबद्दल वाईट वाटतंय तरी.

खालच्या ओढीने बारचा वरचा भाग ताणला जातो, म्हणजे बारा वाजताचा. पुढच्या ओढीने हाताच्या बाजूचा भाग ताणला जातो, म्हणजे तीनचा. उभा वाक ४, आडवा ३. जास्तीत जास्त ताणलेला बिंदू बाराकडून तीनकडे जितका सरकतो, त्या कोनाचा टॅन ३ भागिले ४, म्हणजे सुमारे ३७ अंश. घड्याळात तासाला ३० अंश, म्हणजे ३७ अंशांना सव्वा तासाच्या आसपास. फक्त उभा वाक असता तर रेघ बारालाच आली असती.

ओढीचं बळ तेवढंच ठेवून हात नुसता लांब केला तर काटा दोनकडे सरकत जाईल. तडा पाहायचा तर आधी हा कोन काढून तिथे टॉर्च मारावा, बारा वाजता शोधत बसू नये.

वेल्डर_मामा (मंगळवार, सकाळी १०:१५)

पण साहेब, मी म्हणालो तसंच झालं ना? वेल्ड सुरू करायची जागा पण नेमकी तिथंच येते, उजव्या हाताला वर. मग हिशोबामुळं तडा गेला का सुरुवातीच्या खड्ड्यामुळं?

वाकडी_तुळई (मंगळवार, सकाळी १०:५५)

मामा, याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. दोन्ही कारणं एकाच जागी येऊन बसली आहेत. स्ट्रेस तिथे जास्त आणि वेल्डची सुरुवातही तिथेच. वेगळं करायचं असेल तर पुढच्या वेळी वेल्डची सुरुवात साडेसातच्या बाजूला ठेवा, म्हणजे दाबलेल्या बाजूला. तरीही रेघ सव्वाला आली तर हिशोबाचा दोष. तुमच्या अनुभवावर मी शंका घेत नाही, पण इथे हिशोबाचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

नुकताच_बीई (मंगळवार, दुपारी १:२०)

चूक मान्य. मी M मध्ये ४ लाखच घेतले होते. पण ५ लाख घालून समतुल्य मोमेंट ५.४२ लाख येतो, स्ट्रेस २०४. तुमच्या २१५ शी जुळत नाही. कोणतं धरायचं?

वाकडी_तुळई (मंगळवार, दुपारी २:१०)

ते सूत्र मुख्य स्ट्रेस देतं, आणि त्यात सरळ ओढ येत नाही, म्हणून २०४. ओढ धरून मुख्य स्ट्रेस २०७ येतो. पण माइल्ड स्टील यील्ड होतं ते एका मुख्य स्ट्रेसला पाहून नाही, आकार बदलण्याच्या कलाने होतं. म्हणून व्हॉन मिझेस. ट्रेस्काने करून पाहाल तर २२२ येतील, ते थोडं जास्त सावध. कास्ट आयर्नसारखं ठिसूळ मटेरियल असतं तर तुमच्या मुख्य स्ट्रेसला मी मान दिला असता.

कातरही आहे. मघाशी नाव घेतलं आणि सोडून दिलं, कुणी विचारायच्या आत सांगतो. उभं २००० न्यूटन बारच्या कडेला सव्वाच्या जागी सुमारे २ मेगापास्कल कातर देतं, आणि हाताच्या बाजूला ती पिळाच्या दिशेनेच असते, म्हणून बेरीज होते. ५७ चे ५९. अंतिम आकडा २१५ चा २१७ होईल. वगळलं तर चालेल, पण वगळलंय हे लक्षात ठेवून.

चौकोनी_गज (मंगळवार, संध्याकाळी ६:४५)

मी अशा कामाला ३० चा चौकोनी बार वापरतो, गोल कशाला? सेक्शन मॉड्युलस ४५०० मिळतो. तेच सूत्र लावायचं ना, ५ लाख भागिले ४५००? १११. झालं की.

वाकडी_तुळई (मंगळवार, रात्री ८:३०)

नाही, इथे घसरलात. दोन वाकांचा एक करणं फक्त गोलाला चालतं. चौकोनाला दोन्ही वाक आपापल्या बाजूने मोजायचे आणि कोपऱ्यात बेरीज करायची. ४ लाख भागिले ४५०० म्हणजे ८९, ३ लाख भागिले ४५०० म्हणजे ६७. कोपऱ्यात १५६ आणि ओढीचे २ मिळून १५८. तुमच्या १११ पेक्षा बरंच जास्त.

पिळाची मजा उलटी आहे. भरीव चौकोनाच्या कोपऱ्यात पिळाची कातर शून्य असते, आणि सगळ्यात जास्त बाजूच्या मध्यावर. इथे मध्यावर सुमारे ५३ येते. वरच्या बाजूच्या मध्यावर व्हॉन मिझेस १३० भरतो. म्हणजे इथे कोपराच जिंकतो, १५८ ला. हात लांब असता आणि पीळ मोठा असता तर मध्य जिंकू शकला असता. चौकोनात एकाच जागेवर बोट ठेवता येत नाही, दोन-चार जागा तपासाव्या लागतात. तरी २१५ च्या जागी १५८, हे तुमचं बरोबर आहे, चौकोनी बार इथे चांगला. पोकळ पाइप असेल तर पिळाचं चित्र बदलतं, तिथे पातळ भिंतीतून पीळ जवळपास सारखा वाहतो, कोपरासुद्धा सुटत नाही.

उचापती (मंगळवार, रात्री ९:१०)

विंच दुसऱ्या बाजूला ठेवली तर? म्हणजे रोप कॉलमकडे जाईल, ओढीऐवजी दाब होईल. दाबाने तडा जात नाही ना?

वाकडी_तुळई (मंगळवार, रात्री ९:३५)

चांगला विचार, पण फळ कमी. आडवा वाक फक्त उलट्या दिशेला होतो. मोमेंट तेवढाच, ५ लाख. ताणलेली जागा सव्वावरून पावणेअकराकडे जाते, आणि ओढीचे २.८ आता वजा होतात. १९१ चा १८६ होईल. कातर आणि पीळ तिथे एकमेकांना थोडे खातात, तेवढाच फायदा. एवढ्यासाठी विंच हलवू नये.

शिरोलीकर (बुधवार, सकाळी ८:२०)

मग काय करावं? हात काढून पुली बारच्या टोकावरच बसवता येईल का हा एक विचार. दुसरा, खाली तिकोनी गसेट मारायचा. तिसरा, मशीनवाला म्हणतो ईएन८ वापरा, मजबूत असतो.

वाकडी_तुळई (बुधवार, सकाळी १०:०५)

उलट क्रमाने बोलतो.

ईएन८ नको. यील्ड वाढेल, पण तुमचं दुखणं यील्डचं नाही. तुम्ही म्हणता दिवसाला दीडशे उचल, चौदा महिने, म्हणजे पन्नास हजारांच्या आसपास फेऱ्या. दर फेरीला शून्य ते १९१. हा थकव्याचा तडा आहे, आणि वेल्डच्या कडेपाशी थकव्याची आयुर्मर्यादा स्टील मजबूत केल्याने फारशी वाढत नाही. शिवाय ईएन८ मध्ये कार्बन जास्त, तो न तापवता वेल्ड केला तर कडेला कडक थर बसतो. रोग वाढवाल.

खालचा तिकोनी गसेट फक्त उभ्या वाकाला आधार देतो. आडवा वाक आणि पीळ त्याला जुमानत नाहीत. पातळ सपाट गसेट आडव्या वाकात स्वतःच लवतो. वर गसेटच्या टोकाला नवी वेल्डची कड तयार होते, तडा तिथे स्थलांतर करतो. मी असं एकदा केलंय, तिसऱ्या महिन्यात तोंडघशी पडलो.

पुली बारच्या टोकावर घेतलीत तर पीळ गेला, आडवा वाक गेला. उरला उभा वाक १५१ आणि ओढ ३, म्हणजे १५४. चांगलं, पण रोप कुठे जातो बघा, मालाची जागा बदलेल.

४० मिमीचा बार लावला तर मात्र मॉड्युलस घनाने वाढतो. बेंडिंग ८०, पीळ २४, सगळं मिळून ९१. ऑफसेट तसाच ठेवून २१५ चे ९१. वेल्डच्या थकव्यात आयुष्य स्ट्रेसच्या साधारण घनाने बदलतं, म्हणून १९१ चा ८१ झाला की आयुष्य सुमारे तेरापट व्हायला हवं. तेरा हा आकडा कुणाला सांगू नका, वेल्ड चांगला असला तर हे गृहीत आहे. आणि कागदावर सगळ्यात स्वस्त हेच.

प्लेट आणि तिचे बोल्ट तेवढेच राहतील, मोमेंट तेवढाच राहणार असल्याने त्यांची तपासणी वेगळी. प्लेट १६ मिमीची आहे, बोल्टांबद्दल तुम्ही काही सांगितलं नाहीत.

चौकोनी_गज (बुधवार, सकाळी ११:२५)

एक मूर्ख प्रश्न. हात बारला मिळतो त्या कोपऱ्यात तडा का गेला नाही? तिथेही वेल्डच असेल ना.

वाकडी_तुळई (बुधवार, दुपारी १२:१०)

मूर्ख नाही, तपासायलाच हवा. हाताच्या मुळाशी पीळ नाही, कारण दोन्ही ओढी हाताच्याच टोकातून जातात. वाक दोन, ३-३ लाख, मिळून ४.२४ लाख. हातही ३० चा असेल तर १६० मेगापास्कल. बारच्या मुळाशी २१५ आहे म्हणून तो आधी गेला. ४० चा बार लावून हात ३० चाच ठेवला तर नंबर हाताच्या मुळाचा लागेल. शिरोलीकर, हात किती जाडीचा आहे?

शिरोलीकर (बुधवार, दुपारी १:४०)

हातही ३० चाच. म्हणजे तोही बदलावा लागणार! बोल्ट १२ चे चार आहेत, प्लेट २०० चौरस. पुलीचा व्यास विचारलाच नाहीत, ती १२० ची आहे. त्याचा पीळ?

नुकताच_बीई (बुधवार, दुपारी २:०५)

पुलीच्या परिघावर २००० न्यूटन गुणिले ६० म्हणजे १.२ लाख धरायला हवेत, नाही का?

वाकडी_तुळई (बुधवार, दुपारी २:४०)

नाही. रोप एका बाजूने २००० ने ओढतो आणि दुसऱ्या बाजूनेही २००० ने, पुली मोकळी फिरत असेल तर दोन्ही मोमेंट एकमेकांना मारतात. उरतात त्या दोन ओढी, त्या धुरीच्या मध्यावरून धरायच्या. बेअरिंग जाम झालं की मात्र दोन्ही बाजूंच्या ओढी वेगळ्या होतील, आणि मग तुमचा १.२ लाखाचा काही भाग परत येईल, हाताला पिळणारा. शिरोलीकर, पुली हाताने फिरवून बघा.

पमाताई (बुधवार, दुपारी ४:३०)

मला कोणी उत्तरच दिलं नाही. टीव्ही.

वाकडी_तुळई (बुधवार, दुपारी ५:००)

ताई, माफ करा. टीव्हीत रोप नाही, पुढची ओढ नाही, म्हणून आडवा वाक नाही. फक्त खालचं वजन. हात सरळ बाहेर असेल तर भिंतीपाशी नुसता वाक, बाजूला वळवला की त्यातला काही भाग पीळ होतो, भिंतीवरची प्लेट गोल फिरू पाहते. तुमच्या बाबतीत लोखंड नाही, खिळे आणि भिंतीतले प्लग आधी सुटतील. खिळ्यांवर टीव्ही म्हणता, त्याच कारागिराला बोलावून अँकर बोल्ट बसवून घ्या आणि तोपर्यंत टीव्ही आत ढकलून भिंतीलगत ठेवा.

वेल्डर_मामा (बुधवार, रात्री ९:२०)

ताई, सहा मिमीचे पोकळ प्लग असतील तर आजच काढा.

शिरोलीकर, ४० चा बार बसवताना आधी वेल्डची सुरुवात साडेसातला ठेवून, एका दमात नाही, चार तुकड्यांत मारा, समोरासमोर. कड घासून गुळगुळीत करा, नुसती रंग मारून झाकू नका. माझी पैज आहे, वेल्ड नीट असेल तर ३० चाही टिकला असता.

शिरोलीकर (बुधवार, रात्री १०:१५)

पैज नको मामा, बार महाग पडतोय. ४० चा बार आणि ४० चाच हात सांगितलाय. पुली फिरवून बघितली, एका जागी अडखळते, बेअरिंग बदलतो. बोल्टांचा हिशोब मी उद्या टाकतो, वाकडी_तुळई, तुम्ही बघून द्या. महिन्याभराने सव्वाच्या जागी लाल डाय मारून फोटो टाकेन.